मॉक मुलाखतीची मार्किंग शीट: वीजतंत्रीच्या एका तुकडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या शासकीय आयटीआयमधलं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. मी त्या काळात तिथं प्लेसमेंटचं काम पाहत होतो.

वीजतंत्री हा ट्रेड दोन वर्षांचा, तुकडी वीस जणांची. बहुतेक मुलंमुली आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणारी. दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली की चाकण-रांजणगावकडच्या आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतून कॅम्पससाठी फोन यायला लागतात. कारखान्यांना 1961च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवार घ्यायचे असतात. म्हणजे मुलगा आज किती पक्का आहे यापेक्षा तो वर्षभरात शिकेल का आणि तोवर स्वतःचे हात भाजून घेणार नाही ना, हे त्यांना पाहायचं असतं.

‘रोजगार कौशल्ये’ या विषयात मुलाखतीची तयारी आहेच, त्यामुळे मॉक मुलाखती संस्थेत पूर्वीपासून व्हायच्या. पॅनेलवर तिघं बसायचे: ट्रेडचे शिल्प निदेशक, रोजगार कौशल्यांच्या मॅडम आणि जवळच्या एमआयडीसीतले एक मेंटेनन्स इंजिनिअर, जे आमच्या विनंतीवरून येत. मार्किंग शीट एका पानाची. संवादकौशल्य 10, विषयज्ञान 10, व्यक्तिमत्त्व व वर्तन 10, एकूण 30. खाली सही. ही शीट कुठून आली ते कुणालाच आठवत नव्हतं. दरवर्षी झेरॉक्सची झेरॉक्स निघत होती.

अडचण

त्या वर्षी मॉक संपल्यावर तिघांचे गुण एका कागदावर उतरवताना दोन नावांवर अडलो. त्यांना इथं ‘क’ आणि ‘ख’ म्हणू.

ख चुणचुणीत. आत येताना ‘मे आय कम इन सर’, बसताना ‘थँक यू सर’, आणि स्वतःची ओळख पाठ केलेल्या इंग्रजीत, न अडखळता. ओहमचा नियम, फॅराडेचा नियम धडाधड म्हणाला. मग इंजिनिअर साहेबांनी विचारलं, तीन फेजची मोटर घूं घूं करते पण फिरत नाही, काय करशील? तो म्हणाला, ओव्हरलोड झाला असेल सर, रिले रिसेट करून परत चालू करीन. पुन्हा ट्रिप झाली तर? पुन्हा रिसेट करीन. तिघांचे मिळून त्याला 30 पैकी सरासरी 24 पडले.

क ही गावाकडची मुलगी, बोलणं सगळं वऱ्हाडीत. नजर टेबलावर. तोच प्रश्न तिला विचारला तेव्हा थोडा वेळ गेला. मग म्हणाली, “पयले मेन बंद करीन. फ्यूज काढून आपल्याजवळच ठेवीन, कोणी मंदात लावू नये म्हणून. मंग टेस्ट लॅम्पनं पाहीन करंट हाय का नाई. पण लॅम्प पयले चालू जागेवर लावून पाहा लागते, तो खराब असन तं?” पुढे रिलेच्या, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाच्या, सेटिंगबद्दल विचारल्यावर म्हणाली, ते मला नाई माहीत सर, पण मोटरच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले राहतात, ते पाहून लावीन.

ज्याला कारखान्यातली मेंटेनन्सची नोकरी माहीत आहे त्याला या उत्तराची किंमत सांगायला नको. फ्यूज स्वतःजवळ ठेवणं म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून सप्लाय देऊ नये याची सोय. मोठ्या कारखान्यात याच कामासाठी कुलूप आणि पाटी असते. आणि लॅम्प आधी चालू जागेवर तपासणं ही गोष्ट अनुभवी वायरमनही घाईत विसरतात. तिला संवादात निदेशकांनी 6 दिले, मॅडमनी 3, इंजिनिअर साहेबांनी 7. विषयज्ञानात निदेशकांनी 5 दिले, कारण ‘एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही’. व्यक्तिमत्त्वात मॅडमचे 3 आणि शेरा: ‘आत्मविश्वास कमी’. एकूण सरासरी 16.

म्हणजे आमच्या कागदानुसार बंद पडलेल्या मोटरला सप्लाय देत राहणारा मुलगा आठ गुणांनी पुढे होता.

मॅडमचा दोष काढणं सोपं होतं, पण शीट पाहिली तर त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. ‘संवादकौशल्य 10’ याखाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी प्रमाण भाषा, आवाज, नजर मोजली. इंजिनिअर साहेबांनी तिचं सांगणं कळतं का, ते मोजलं. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजून एकाच रकान्यात आकडे भरले आणि आम्ही त्यांची सरासरी काढली.

समोर असलेले पर्याय

प्राचार्यांनी बैठक बोलावली. पहिली सूचना आली ती मुलांचीच जास्त तयारी करून घेण्याची: सेल्फ इंट्रो, देहबोली, थोडं इंग्रजी. यात वाईट काही नव्हतं, पण मोजमाप तसंच राहिलं असतं आणि क ला आणखी दहा वेळा ‘आत्मविश्वास वाढव’ एवढंच ऐकायला मिळालं असतं. त्यावर ती घरी जाऊन काय करणार?

दुसरा पर्याय होता एखाद्या कंपनीचा मुलाखतीचा फॉर्म मागवून तोच वापरण्याचा. एका ओळखीच्या एचआरनं तो दाखवलाही. त्यात ‘ॲटिट्यूड’, ‘स्टॅबिलिटी’, ‘ओव्हरऑल’ असे रकाने होते. कंपनीला निवड करायची असते, कारण सांगायचं नसतं, त्यामुळे तिचं त्यावर भागतं. आम्हाला मुलाला परत पाठवून सुधारून आणायचं होतं.

तिसरा पर्याय ट्रेडच्या निदेशकांचा: गुणच काढून टाका, नुसतं तोंडी सांगा. हे मला बरंच पटलं होतं. पण मुलं गुणांशिवाय मॉकला गांभीर्यानं घेत नाहीत, हा त्यांचाच अनुभव त्यांना आडवा आला.

राहिला चौथा: तीन विभाग तेच ठेवायचे, पण प्रत्येक ओळीत मुलानं काय केलं की किती गुण, हे आधी लिहून काढायचं. हेच ठरलं.

इथं इंजिनिअर साहेबांनी एक आक्षेप घेतला आणि तो आजही मला बिनतोड वाटतो. ते म्हणाले, “तुम्ही शीट कितीही न्याय्य करा, बाहेरचा माणूस पहिल्या दोन मिनिटांतच मत बनवतो. तुम्ही त्या पोरीला इथं चांगले गुण द्याल आणि ती तिकडं पडेल. मग तुमचा मॉक कशाचा?” यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं की पहिल्या छापाची एक ओळ शीटच्या तळाशी ठेवायची, ‘अनोळखी माणसाला पहिल्यांदा काय वाटेल’ अशी. तिला गुण नाहीत, पण मुलाला ती वाचून दाखवायची. छाप ही बाहेरची वस्तुस्थिती आहे म्हणून सांगायची. कौशल्य नाही म्हणून मोजायची नाही.

काय केलं

*किती ओळी*

पहिल्या मसुद्यात अकरा ओळी झाल्या होत्या. एका मुलावर चाचणी घेतली तेव्हा पॅनेल मान खाली घालून कागदच भरत होतं, मुलाकडे कुणी पाहतच नव्हतं. म्हणून प्रत्येक विभागाला दोन, अशा सहा ओळी ठेवल्या. संवादात ‘प्रश्न समजून घेणं’ आणि ‘क्रमानं, समोरच्याला कळेल असं सांगणं’. ज्ञानात ‘काम सुरक्षित करणं’ आणि ‘दोष शोधण्याची वाट’. वर्तनात ‘तयारी आणि वेळ’ आणि ‘न येणाऱ्या गोष्टीशी वागणं’. प्रत्येकीला 1 ते 4. पाच पायऱ्या ठेवल्या की निम्मे परीक्षक 3 वर बसून राहतात. चार ठेवल्या की इकडे की तिकडे हे ठरवावंच लागतं.

प्रत्येक ओळीसमोर ‘पुरावा’ असा रिकामा रकाना ठेवला. त्यात मुलाचे शब्द किंवा त्यानं केलेली कृती लिहायची, मत नाही. ‘घाबरला’ चालणार नाही. ‘प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला नाही, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं’ चालेल. पुरावा रिकामा असेल तर त्या ओळीचा गुण धरायचा नाही. हा एक रकाना बाकी सगळ्या शीटपेक्षा जास्त कामाचा ठरला, असं माझं मत आहे.

*ज्ञान: एकच प्रश्न, चार पायऱ्या*

पूर्वी प्रत्येकाला पाच-सहा सुटे प्रश्न जायचे आणि कुणाच्या वाट्याला सोपे, कुणाच्या अवघड यायचे. आता सगळ्यांना एकच प्रसंग द्यायचा आणि त्यात खोल जायचं ठरलं. मोटरचाच प्रसंग ठेवला, कारण त्याच्या पायऱ्या छान पडतात.

पहिली पायरी: आधी काय कराल? इथं सप्लाय बंद करणं, तो दुसरा कुणी चालू करणार नाही याची सोय आणि खात्री करून घेणं यायला हवं.

दुसरी: दोष कुठं असू शकेल? मोटर उभी असताना एक फेज गेला की ती घूं घूं करते, फिरत नाही आणि उरलेल्या फेजमधून भरमसाट करंट ओढते. फ्यूज उडालेला, कॉन्टॅक्टरचा एक संपर्क जळालेला, टर्मिनलवर तार सैल, यांपैकी काही असू शकतं. बेअरिंग जाम असेल तरीही असाच आवाज येतो, म्हणून सप्लाय बंद असताना शाफ्ट हातानं फिरवून पाहायचा. ही यादी पाठ असण्यापेक्षा मुलगा कुठल्या क्रमानं शंका काढून टाकतो ते पाहायचं.

तिसरी पायरी खरी कसोटीची. बहुतेक मुलं म्हणतात, टेस्टर लावून पाहीन. मग विचारायचं: टेस्टर तिन्ही टर्मिनलवर पेटला, तरी मोटर फिरत नाही. आता? उडालेल्या फ्यूजच्या पलीकडं, मोटरच्या बाजूला, निऑन टेस्टर पेटू शकतो, कारण उरलेल्या फेजचं व्होल्टेज मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून तिथं पोचतं. टेस्टरवर विसंबणारा मुलगा इथं अडकतो. ज्यानं वर्कशॉपमध्ये खरंच हात घातला आहे तो म्हणतो, फेज-फेजमध्ये मीटर लावीन, नाहीतर दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेल्या टेस्ट लॅम्पनं पाहीन. किंवा सप्लाय बंद करून फ्यूज काढीन आणि त्याची कंटिन्युइटी बघीन.

चौथी पायरी मुद्दाम आवाक्याच्या जरा पलीकडची. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले किती अँपिअरला लावाल? 10 अश्वशक्तीची मोटर धरली तर 415 व्होल्टला फुल लोडचा करंट साधारण 14 अँपिअर. पण नेहमीच्या जोडणीत रिले वाइंडिंगच्या वाटेत असतो आणि त्यातून त्याच्या 0.58 पट, म्हणजे सुमारे 8 अँपिअरच जातात. 14 ला लावला तर मोटरवर बराच जास्त भार आला तरी तो ट्रिप होणार नाही आणि मोटर जळू शकते. हे फार थोड्यांना येतं आणि येईल अशी अपेक्षाही नाही. इथं पाहायचं ते सहावी ओळ: न येणाऱ्या गोष्टीशी मुलगा कसा वागतो. काहीतरी आकडा ठोकून देतो की ‘माहीत नाही, पण अमुक ठिकाणी पाहीन’ म्हणतो? क चं नेमप्लेटचं उत्तर 14 वरच थांबतं, म्हणजे ते तांत्रिकदृष्ट्या अपुरंच आहे. तरी वर्तनाच्या त्या ओळीत ते 4 चं आहे, कारण अंदाज ठोकण्याऐवजी तिनं माहितीची जागा सांगितली.

प्रत्येक पायरीवर परीक्षक एकदाच इशारा देऊ शकतो. इशाऱ्यानंतर आलं तर एक गुण कमी.

*सुरक्षिततेची ओळ वेगळी*

इथं सगळ्यात जास्त वाद झाला. मुद्दा असा की ‘काम सुरक्षित करणं’ यात 1 मिळाला आणि बाकी पाचही ओळींत 4, तर बेरीज 24 पैकी 21 येते. हा मुलगा पहिल्या रांगेत दिसेल. मॅडमचं म्हणणं, मुलाखतीत घाईघाईत एखादी गोष्ट सांगायची राहते, तेवढ्यावरून नापास करू नये. निदेशकांचं म्हणणं, जे तोंडात नाही ते हातातही नसतं.

तोडगा असा निघाला. ओळीचे वर्णन नेमके करायचे. 1 म्हणजे चालू सप्लायवर काम करण्याची किंवा कारण न शोधता पुन्हा चालू करण्याची गोष्ट मुलगा स्वतः बोलला. 2 म्हणजे सप्लाय बंद करणं सांगितलं, पण विचारल्यावर. 3 म्हणजे न विचारता सांगितलं. 4 म्हणजे बंद करणं, दुसऱ्यानं चालू करू नये याची सोय आणि तपासून खात्री, तिन्ही आपणहून सांगितलं. विसरलेला मुलगा 2 वर येतो, 1 वर नाही. आणि ज्याला 1 मिळाला त्याची बेरीज करायचीच नाही. ‘पुन्हा मॉक’ असा शिक्का मारून आधी वर्कशॉपमध्ये ते काम करून घ्यायचं.

*संवाद: बोली कुठं मोजायची*

बोलीला गुण कापायचे नाहीत, यावर सहमती लवकर झाली. पण मॅडमनी एक रास्त शंका काढली: पुण्याकडच्या सुपरवायझरला ‘मंदात’ कळेल का? म्हणून दुसऱ्या ओळीची कसोटी ‘ऐकणाऱ्याला त्यावरून काम करता येईल का’ अशी ठेवली. समोरच्याला एखादा शब्द कळला नाही आणि मुलानं तो दुसऱ्या तऱ्हेनं सांगितला, तर 4. तोच शब्द मोठ्यानं परत म्हटला, तर 2. बोली कुठलीही असो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य बदलता येणं हे शिकवता येतं आणि मोजताही येतं. नजर टेबलावर असण्याचा तोटा इथंच होतो, आणि तो क ला या भाषेत सांगितल्यावर तिला लगेच कळला.

ख च्या इंग्रजी ओळखीचं काय? पाठ केलेल्या ओळखीला आम्ही गुणच ठेवले नाहीत. ती दोन मिनिटं मुलाचा श्वास बसावा म्हणून द्यायची आणि पेन खाली ठेवायचं. चांगल्या सुरुवातीचा रंग पुढच्या सगळ्या ओळींना लागतो, तो थोडा तरी कमी होतो.

*वर्तन*

जुन्या शीटच्या व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत पोशाखही धरला जायचा, आणि त्यात चामडी बूट घातलेल्याला दोन गुण जास्त पडत. ते काढलं. संस्थेचा गणवेश, स्वच्छ, एवढंच. त्याऐवजी कागदपत्रं पाहायला सुरुवात केली: दहावीची गुणपत्रिका, पहिल्या वर्षाचा निकाल, आधार, मूळ आणि झेरॉक्स वेगवेगळ्या. ही फाइल नीट नसल्यानं कॅम्पसच्या दिवशी धावपळ करणारी मुलं दरवर्षी असतात. बायोडाटात लिहिलेलं प्रत्येक काम खरंच केलं आहे का, हेही इथंच. ‘पीएलसी येतं’ लिहिणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारला की कळतं.

मुलींना ‘लग्न कधी’ आणि ‘रात्रपाळी जमेल का’ हे प्रश्न कंपन्यांत विचारले जातात. ते मॉकमध्ये घ्यावेत का? पॅनेलनं ते विचारायचे नाहीत असं ठरलं. पण मॅडमनी मुलींबरोबर वेगळं बसून त्यांची उत्तरं तयार करून घेतली. त्याला गुण नाहीत. खाजगी प्रश्नाला मुलगी कशी तोंड देते यावर आपण तिला मार्क देणं मला तरी पटत नाही.

*परीक्षकांची तालीम*

शीट छापून झाल्यावर दोन मुलांच्या परवानगीनं त्यांचे मॉक मोबाइलवर रेकॉर्ड केले. तिघांनी ते एकत्र पाहिले, न बोलता गुण दिले, मग कागद उघडे केले. जिथं दोन गुणांचा फरक होता तिथं फक्त पुराव्याचा रकाना वाचायचा. पहिल्याच व्हिडिओत ‘क्रमानं सांगणं’ यात मॅडमचा 2 आणि निदेशकांचा 4 आला. वाचल्यावर दिसलं की निदेशकांनी मुलानं न सांगितलेली पायरी स्वतःच मनात भरून घेतली होती. विषय माहीत असणाऱ्या परीक्षकाकडून हे हमखास होतं. म्हणूनच विषयाबाहेरचा एक माणूस पॅनेलवर असावा, हा या तालमीचा खरा फायदा.

दुसरी सोय अशी की एकानं विचारायचं आणि दोघांनी लिहायचं, आणि दर काही मुलांनंतर विचारणारा बदलायचा. दोन्ही कामं एकाच वेळी एकाच माणसाला जमत नाहीत. मॉक बारा मिनिटांचा, त्यानंतर तीन मिनिटं मुलाला सांगण्यासाठी, आणि गुण चर्चेच्या आधी पेनानं.

परिणाम

ख ला नव्या शीटवर सुरक्षिततेत 1 मिळाला. तो नाराज झाला, आणि ते साहजिकच होतं. आधीच्या मॉकमध्ये तो पहिल्या दोघांत होता. निदेशकांनी त्याला वर्कशॉपमधल्या मोटर पॅनेलवर एक फ्यूज काढून ठेवून दोष शोधायला लावला. त्यानं टेस्टर लावला, तिन्हीकडे पेटला, आणि तो गोंधळला. त्या दुपारी तो जे शिकला ते पाठ केलेल्या उत्तरांनी शिकला नसता. पुढच्या मॉकमध्ये तो त्या ओळीत 3 वर आला.

क चे गुण वर गेले, पण तिला सांगायच्या गोष्टीही बदलल्या. ‘आत्मविश्वास कमी’ऐवजी तिला दोन गोष्टी मिळाल्या: उत्तराच्या मधे एकदा वर पाहा, आणि समोरच्याला कळलं का ते विचार. एवढं तिला करता आलं.

परीक्षकांच्या गुणांतली तफावत कमी झाली, विशेषतः ज्ञानात. संवादात ती पूर्ण गेली नाही आणि ती जाईल असं मला वाटतही नाही.

कॅम्पसमध्ये मात्र चित्र सरळ नव्हतं. पहिल्या कंपनीनं आधी लेखी परीक्षा घेतली, त्यात मॉकमध्ये चांगली असलेली काही मुलं गळाली. आमच्या शीटमध्ये लेखीचा काही भागच नव्हता. मुलाखत एचआरच्या दोघांनी घेतली. ख निवडला गेला, क नाही. इंजिनिअर साहेबांचा आक्षेप तिथं खरा ठरला. दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलवर मेंटेनन्सचे सुपरवायझर होते, त्यांनी मोटर पॅनेलचं चित्र समोर ठेवून काम कसं करशील ते विचारलं. क ची निवड तिथं झाली.

वेगळं काय करता आलं असतं

कंपनीला आधी फोन करून दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: लेखी आहे का, आणि मुलाखतीला कोण बसणार. एचआर बसणार असेल तर तळाशी असलेल्या बिनगुणांच्या ओळीवर जास्त वेळ द्यावा लागतो, मेंटेनन्सचा माणूस असेल तर मोटरच्या पायऱ्यांवर. त्या क्रमानं तयारी झाली असती तर क ला पहिल्या कंपनीतही बरी संधी होती.

मुलांना शीट मॉकच्या आधी द्यायची की नाही, यावर आम्ही ‘नाही’ म्हटलं, उत्तरं पाठ होतील म्हणून. मला आता उलट वाटतं. वर्णनं वाचून जर मुलगा ‘फ्यूज काढून जवळ ठेवीन’ हे शिकणार असेल तर तो शिकावाच. गुपित ठेवायचा तो प्रसंग, वर्णनं नाहीत. आधी स्वतःला गुण देऊन मग पॅनेलचे पाहिले असते तर तीन मिनिटांच्या बोलण्यात निम्मा वेळ वाचला असता.

तिसरी गोष्ट शीट दुसऱ्या ट्रेडला देताना घडली. जोडारी म्हणजे फिटर आणि संधाता म्हणजे वेल्डर, या ट्रेडच्या निदेशकांनी तीच शीट मागितली आणि मोटरचा प्रसंग तेवढा बदलून वापरली. संवाद आणि वर्तनाच्या ओळी चालल्या. सुरक्षिततेची नाही. संधात्याला गॅस कटिंगचं काम दिलं तर 1 आणि 2 मधली रेघ वेगळी पडते: नळीची गळती साबणाच्या पाण्यानं पाहणं, ऑक्सिजनच्या जोडणीला तेलाचा हात न लावणं, ज्योत उलटी नळीत शिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर आहे का ते पाहणं. यांतलं काय आपणहून सांगितलं की 4 आणि कशाला हात घातला की थेट ‘पुन्हा मॉक’, हे त्या ट्रेडच्या माणसानंच बसून लिहायला हवं होतं. त्या वर्षी ते झालं नाही, आणि संधात्याच्या वीसही मुलांना त्या ओळीत 3 पडला.